नोकरीतलं समाधान: स्वायत्तता ०.४२, पगार ०.२४. मग स्वायत्तता पगाराच्या दुप्पट महत्त्वाची का?

कोरा_कागद

नमस्कार मंडळी. एचआरमध्ये काम करते, सांख्यिकी कॉलेजात सोडली ती आता पुन्हा मानगुटीवर बसली आहे. खालचं टेबल प्रशिक्षणातल्या सरावाचं आहे. आकडे शिकवण्यासाठी बनवलेले आहेत, कुठल्या कंपनीचे नाहीत, त्यामुळे बिनधास्त चिरफाड करा.

८५० नोकरदार. समाधान १ ते ७ (७ म्हणजे पूर्ण समाधानी), सरासरी ४.९. पगार महिन्याचा, रुपयांत. स्वायत्तता म्हणजे "काम कसं करायचं ते मी ठरवतो/ते", १ ते ५. प्रवास एका बाजूचा, मिनिटांत. `stri` आणि `kantrati` हे ० किंवा १.

```
              Estimate  Std. Error  t value  Pr(>|t|)
(Intercept)    2.7000     0.9400      2.87     0.004
log(pagar)     0.2400     0.0820      2.93     0.003
svayattata     0.4200     0.0500      8.40    <0.001
pravas_min    -0.0040     0.0020     -2.00     0.046
stri           0.1100     0.0850      1.29     0.196
vay           -0.0720     0.0260     -2.77     0.006
I(vay^2)       0.0009     0.00032     2.81     0.005
kantrati      -0.3500     0.1100     -3.18     0.002

N = 850   R-squared = 0.19   Residual standard error = 1.17
```

मला एकच वाक्य लिहायचं आहे: "समाधानासाठी स्वायत्तता पगाराच्या जवळजवळ दुप्पट महत्त्वाची." चालेल ना? आगाऊ धन्यवाद.

---

खडूस_कारकून

चालेल काय, धावेल. अप्रेझलच्या आधी साहेबांना असंच वाक्य हवं असतं. 😀

---

नाकासमोर

वाक्य बरोबर आहे, उलट तुम्ही कमीच सांगताय. टी-व्हॅल्यूचा रकाना बघा. स्वायत्तता ८.४०, पगार २.९३. टी जितका मोठा तितका परिणाम मोठा. म्हणजे दुप्पट नाही, जवळजवळ तिप्पट.

---

विदाबाई

थांबा थांबा, दोन्ही वाक्यं मागे घ्या.

आधी ०.४२ चा अर्थ साध्या भाषेत. दोन माणसं घ्या. पगार, प्रवास, वय, लिंग, नोकरीचा प्रकार सगळं सारखं, फक्त एकाने स्वायत्ततेला ३ दिलेत आणि दुसऱ्याने ४. दुसऱ्याचं समाधान सरासरीने ०.४२ गुणांनी जास्त. इथे "एक पायरी" म्हणजे पाचातली एक, म्हणजे बऱ्यापैकी मोठी उडी.

आता ०.२४. पगार एक रुपयाने वाढला की समाधान ०.२४ ने वाढतं, असा याचा अर्थ नाही. पगाराचा लॉग घेतलाय. लॉग एकाने वाढणं म्हणजे पगार २.७२ पट होणं. इतकी वाढ कोणी देत नाही, म्हणून असं वाचा: पगार दुप्पट झाला तर ०.२४ × ०.६९३, म्हणजे साधारण ०.१७ गुण. १० टक्के वाढ मिळाली तर ०.२४ × ०.०९५, म्हणजे जेमतेम ०.०२.

म्हणजे तुम्ही पाचातल्या एका पायरीची तुलना पगार पावणेतीनपट होण्याशी करताय. किलो आणि लिटर शेजारी ठेवून मोठं कोण विचारण्यातला प्रकार.

पटत नसेल तर एक गंमत करा. हाच विदा एक्सेलमध्ये घ्या आणि पगाराचा लॉग `LN()` ऐवजी `LOG()` ने काढा. एक्सेलचा `LOG()` दहाच्या पायाचा असतो, आरमधला `log()` नैसर्गिक. टेबलातल्या बाकी सगळ्या ओळी तशाच राहतील, पण पगाराचा सहगुणक ०.२४ × २.३०३ = ०.५५ होईल. माणसं तीच, उत्तरं तीच, आणि आता पगार स्वायत्ततेपेक्षा "महत्त्वाचा" झाला! ज्या निष्कर्षाचं तोंड लॉगचा पाया बदलला की फिरतं, तो निष्कर्षच नाही.

@नाकासमोर, टी म्हणजे सहगुणक भागिले त्याची स्टँडर्ड एरर, बस्स. अंदाज त्याच्या डळमळीपेक्षा किती पट मोठा आहे, एवढंच तो सांगतो. ८५० ऐवजी ८५,००० माणसं घेतली तर सहगुणक साधारण तोच राहील आणि टी दहापट होईल. परिणाम दहापट वाढला का? नाही, आपली खात्री वाढली.

---

नाकासमोर

लॉगच्या पायाचं मान्य. पण एककं बदलली तरी टी बदलत नाही हे तुम्हीही मान्य कराल. मग तुलनेसाठी टी सहगुणकापेक्षा बराच ना?

---

विदाबाई

बदलत नाही हे शंभर टक्के खरं. पण जे बदलत नाही ते तुम्हाला हवं तेच मोजतंय असं नाही. समजा सर्वेक्षणात बहुतेकांचा प्रवास ४० ते ५० मिनिटांचाच निघाला. मग प्रवासाची स्टँडर्ड एरर फुगेल आणि टी आपटेल, कारण शिकायला फरकच मिळाला नाही. प्रवासाचा त्रास मात्र तेवढाच.

---

कोरा_कागद

बापरे. म्हणजे एका लॉगने माझं वाक्य उलटं होतं. मग तुलना करायचीच नाही का? साहेब "सगळ्यात महत्त्वाचं काय" हे विचारणारच.

---

मुठाकाठ

त्यासाठीच प्रमाणित सहगुणक असतात. प्रत्येक गोष्टीचं "एक पाऊल" म्हणजे तिचं एक स्टँडर्ड डेव्हिएशन धरायचं. स्वायत्ततेचं आणि लॉग-पगाराचं किती आहे?

---

कोरा_कागद

स्वायत्तता ०.९५, लॉग-पगार ०.५५. समाधानाचं १.३०.

---

मुठाकाठ

मग ०.४२ × ०.९५ ÷ १.३० = ०.३१. आणि ०.२४ × ०.५५ ÷ १.३० = ०.१०. झालं. लिहा: स्वायत्तता तिप्पट.

---

नाकासमोर

बघा, तिप्पटच आलं. 😎

---

विदाबाई

योगायोग आहे हो, हुरळून जाऊ नका.

मुठाकाठ, गणित बरोबर आहे, पण मला ही पद्धत फारशी रुचत नाही. ते ०.५५ या नमुन्यातल्या पगारांच्या पसाऱ्याचं आहे. उद्या हेच सर्वेक्षण फक्त एका वेतनश्रेणीतल्या लिपिकांवर केलं तर पगाराचं स्टँडर्ड डेव्हिएशन ०.१ होईल, आणि पगाराचा प्रमाणित सहगुणक ०.१० वरून ०.०२ च्या आसपास कोसळेल. त्या लिपिकांना पगाराची पडलेली नाही असं म्हणणार का? सगळ्यांना सारखाच पगार असला की पगार फरक समजावून देऊ शकत नाही, एवढंच.

त्यापेक्षा ऑफिस प्रत्यक्षात काय बदलू शकतं ते घ्या. १० टक्के वाढ दिली तर ०.०२. कामाचे तास आणि क्रम स्वतः ठरवू दिला, आणि त्याने स्वायत्तता अर्ध्या पायरीने वाढेल असं धरलं, तर ०.२१. दोन्हीचा खर्च शेजारी मांडा. ही तुलना साहेबांना कळते.

---

मुठाकाठ

असहमत. "अर्धी पायरी वाढेल" हे तुम्ही कुठून आणलंत? तो आकडा टेबलात नाही, तुमच्या मनात आहे. स्टँडर्ड डेव्हिएशन निदान विद्यातून येतं.

---

विदाबाई

हे मान्य. तो आकडा विचारूनच ठरवायचा असतो आणि अहवालात "आम्ही असं धरलं" म्हणून उघड लिहायचा असतो. तरीही लपलेल्या गृहीतकापेक्षा उघडं बरं, असं माझं मत. इथे आपलं जमणार नाही. 🙂

---

खडूस_कारकून

उलट हिशोब करून पाहिला. स्वायत्ततेच्या एका पायरीइतकं समाधान पगारातून द्यायचं तर ०.४२ ÷ ०.२४ = १.७५, आणि लॉग उलटवला की पगार ५.७५ पट. मी स्वायत्तता सोडायला तयार आहे, साहेबांना निरोप द्या.

---

गवताचे_पाते

दंडवत. 😂😂

---

तांबडा_रस्सा

चर्चा रंगात आहे, पण मूळ मुद्द्यालाच हात घालतो. आर-स्क्वेअर्ड ०.१९ आहे. ८१ टक्के फरक कळतच नाही! प्रयोगशाळेत ०.९५ च्या खाली आलेली रेघ आम्ही पुन्हा काढतो. हे टेबल रद्दीत टाका.

---

विदाबाई

तांबडा_रस्सा, तुमची रेघ उपकरण नीट चालतंय का ते सांगते, त्यामुळे तिथे ०.९५ हवंच. माणसाचं समाधान कालच्या भांडणावर, तब्येतीवर, प्रश्नावली सोमवारी आली की शुक्रवारी यावरही ठरतं. शिवाय सातातला आकडा माणूस अंदाजानेच मांडतो. असल्या सर्वेक्षणांत ०.१९ मुळीच लाजिरवाणा नाही.

पण तुमच्या आक्षेपात एक खरी गोष्ट आहे. या टेबलावरून एका माणसाचं समाधान सांगायला जाऊ नका. करूनच दाखवते. पुरुष, ३५ वर्षं, कायम नोकरी, पगार ४०,०००, स्वायत्तता ३, प्रवास ४५ मिनिटं:

```
2.70 + 0.24*10.60 + 0.42*3 - 0.004*45 - 0.072*35 + 0.0009*1225
= 2.70 + 2.54 + 1.26 - 0.18 - 2.52 + 1.10
= 4.90
```

अंदाज ४.९. आता रेसिड्युअल स्टँडर्ड एरर १.१७ आहे, म्हणजे अशा माणसाचं खरं उत्तर साधारण २.६ ते ७.२ यांत कुठेही असू शकतं. पट्टी तर सातावरच संपते! म्हणजे "कोण नोकरी सोडणार" हे ओळखायला हे टेबल निरुपयोगी. पण कंत्राटी आणि कायम या दोन गटांच्या सरासरीत किती फरक, याचा अंदाज त्यातून नीट येतो. आर-स्क्वेअर्ड कमी असलं तरी सहगुणक कामाचे असू शकतात.

---

खडूस_कारकून

आणि तो पहिल्या ओळीतला २.७० कोणाचा?

---

विदाबाई

महिना एक रुपया पगार (लॉग शून्य), वय शून्य, स्वायत्तता शून्य (पट्टी तर १ पासून सुरू होते), घर-ऑफिस एकाच जागी, कायम नोकरीत असलेल्या बाळाचं. इंटरसेप्ट वाचायचा नसतो, बेरजेला लागतो म्हणून असतो. वाचायचाच असेल तर वयातून ३५, स्वायत्ततेतून ३, लॉग-पगारातून १०.६ असं वजा करून मॉडेल पुन्हा चालवा, मग त्या ओळीत खऱ्या माणसाचं समाधान येतं. वय वजा करून मगच वर्ग करायचा, हे विसरू नका.

---

सांजवेळ

वयाचं कोणी बोललंच नाही. उणे ०.०७२ म्हणजे दरवर्षी समाधान कमी होत जातं, आणि दहा वर्षांत पाऊण गुण गेला? वय वाढेल तसा माणूस नोकरीला विटतो, हे टेबलाने सिद्धच केलं म्हणायचं.

---

मुठाकाठ

नाही नाही. खालची ओळ `I(vay^2)` दिसतेय ना? त्या दोन ओळी जोडीने वाचायच्या. एकटी ओळ वाचली की हमखास फसगत.

२५ वरून २६ ला जाताना: उणे ०.०७२, अधिक ०.०००९ × (६७६ − ६२५). म्हणजे −०.०७२ + ०.०४६ = −०.०२६.
५० वरून ५१ ला जाताना: −०.०७२ + ०.०००९ × १०१ = +०.०१९.

म्हणजे तरुणपणी घसरण, पुढे चढण. तळ कुठे, तर ०.०७२ भागिले ०.०००९ ची दुप्पट, बरोबर ४० वर्षं. २५ ते ४० मध्ये एकूण घसरण फक्त ०.२ गुण, आणि ५५ पर्यंत तेवढंच परत.

०.०००९ दिसायला क्षुल्लक वाटतो, कारण तो वर्गाला गुणला जातो आणि चाळिशीचा वर्ग १६०० असतो. म्हणूनच अहवालात दोन दशांशांपर्यंत आकडे छापू नका, ही ओळ ०.०० होऊन बसते आणि वाचणारा सांजवेळ यांच्याच निष्कर्षावर येतो.

---

गवताचे_पाते

चाळिशीत चष्मा लागतो आणि समाधानही तळाला. निसर्गाचा न्याय.

---

विदाबाई

रच्याकने, हा इंग्रजी "यू"सारखा आकार सरावाच्या टेबलात उगाच घातलेला नाही. क्लार्क, ऑस्वाल्ड आणि वॉर यांनी १९९६ मध्ये ब्रिटिश नोकरदारांच्या विद्यात हाच प्रश्न तपासला होता आणि त्यांना असाच आकार दिसला होता.

पण सावध. हे एकाच वेळी विचारलेलं सर्वेक्षण आहे. आज पंचावन्नचे असलेले आणि आज पंचविशीतले ही वेगळी माणसं आहेत. नोकरीला खरंच विटलेले बरेच जण पंचावन्नपर्यंत टिकतच नाहीत, नोकरी बदलतात किंवा सोडतात. उरलेल्यांची सरासरी आपोआप वर जाते. तळाचं वय टेबल सांगेल, पण तुमचं समाधान वयाबरोबर वाढेल असं वचन ते देत नाही.

---

सांजवेळ

समजलं, आभार. आणि पी ०.०५ च्या खाली गेला की मिळणारा तारा `stri` ला नाही, पी ०.१९६. म्हणजे स्त्री-पुरुषांत फरक नाही हे तरी नक्की ना?

---

मुठाकाठ

तेही नाही. अंदाज ०.११, स्टँडर्ड एरर ०.०८५. दोन्ही बाजूंना साधारण दोन-दोन स्टँडर्ड एरर सोडल्या की पट्टा −०.०६ ते +०.२८. स्त्रिया किंचित कमी समाधानी असण्यापासून ते पाव गुणाने जास्त समाधानी असण्यापर्यंत सगळं या विद्यात बसतं. "फरक नाही" आणि "सांगता येत नाही" यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे.

उलट प्रवासाची ओळ बघा. पी ०.०४६, तारा मिळाला. तासाभराच्या प्रवासाला −०.२४. पण पट्टा −०.४८ पासून जवळजवळ शून्यापर्यंत. एक तारा आणि शून्य तारे यांत फारसा फरक नसतो, हे या दोन ओळी शेजारी ठेवल्या की कळतं.

---

खडूस_कारकून

मिनिटाला ०.००४ वाचून "प्रवासाचा काही त्रास नाही" म्हणणाऱ्याला आठ बावन्नच्या डोंबिवली लोकलला उभं करावं.

---

पाऊलवाट

धागा थोडा हायजॅक करतो, माफी. मी अमेरिकेच्या जनरल सोशल सर्व्हेचा विदा वापरतोय. त्यात `satjob` वर उत्पन्नाचा सहगुणक उणे येतोय. तिथे श्रीमंत लोक नोकरीवर नाराज आहेत का? की इथे आरचं काही चुकतंय?

---

विदाबाई

आर निर्दोष आहे. `satjob` उलटा आहे. तिथे १ म्हणजे "खूप समाधानी" आणि ४ म्हणजे "खूप असमाधानी". तुम्ही नकळत असमाधानाचं भाकीत करताय. त्यामुळे उणे म्हणजे उत्पन्नाबरोबर असमाधान कमी होतं.

```
d$samadhan <- 5 - d$satjob
table(d$satjob, d$samadhan, useNA = "ifany")
```

दुसरी ओळ गाळू नका. १ समोर ४ आणि ४ समोर १ आलं की सुटलो. आणि त्याच टेबलात ८, ९ किंवा उणे आकडे दिसले तर ती "माहीत नाही", "उत्तर नाही" यांची चिन्हं आहेत. ती आकडे म्हणून आत राहिली तर चारच्या पट्टीवर नऊ गुण देणारी मंडळी सगळी रेघ आपल्याकडे ओढतात. आधी त्यांना `NA` करा, मग उलटवा. ओळखायची खूण सोपी: `summary()` मध्ये कमाल किंवा किमान आकडा पट्टीच्या बाहेर गेलेला दिसतो.

---

पाऊलवाट

कमाल ९ च दिसतोय. 🤦 दोन आठवडे गेले. आभारी आहे.

---

सुपारी_खांड

मला एक्सेलमध्ये डेटा टॅबवर रिग्रेशनच दिसत नाही. कोणी सांगेल का?

---

मुठाकाठ

`File > Options > Add-ins`, खाली `Excel Add-ins` समोर `Go`, आणि `Analysis ToolPak` वर खूण करा. स्वतंत्र चलांचे सगळे रकाने एकमेकांना लागून हवेत, मध्ये नावाचा किंवा रिकामा रकाना आला की ते अडून बसतं. १६ पेक्षा जास्त चलही घेत नाही.

---

कोरा_कागद

मूळ टेबलाकडे येते. कंत्राटी −०.३५. साहेब म्हणणार, "सातातले ०.३५, म्हणजे काही विशेष नाही." पण मी नुसत्या दोन गटांच्या सरासऱ्या काढल्या तर फरक ०.६३ येतो. यातलं खरं कोणतं?

---

विदाबाई

दोन्ही खरी, प्रश्न वेगवेगळे. या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुम्ही आता विचारलात.

०.६३ चा प्रश्न असा: कंत्राटी माणूस कायम माणसापेक्षा एकूण किती कमी समाधानी? ०.३५ चा प्रश्न असा: पगार तेवढाच, स्वायत्तता तेवढीच, वय-प्रवास तेच, फक्त कागदावर कंत्राटी लिहिलंय, तर किती कमी? कंत्राटींचा पगार आणि स्वायत्तता तुमच्या विद्यात किती कमी आहे?

---

कोरा_कागद

पगार सरासरी २५ टक्के कमी. स्वायत्तता अर्ध्या पायरीने कमी. वय, प्रवास आणि स्त्रियांचं प्रमाण जवळजवळ सारखं.

---

विदाबाई

मग हिशोब लागला की. पगार २५ टक्के कमी म्हणजे ०.२४ × (−०.२९) = −०.०७. अर्धी पायरी म्हणजे −०.२१. त्यात −०.३५ मिळवा. बेरीज −०.६३.

म्हणजे कंत्राटाचा चटका तीन वाटांनी बसतो. पगारातून थोडा, हुकमाखाली काम करण्यातून बराच, आणि उरलेला ०.३५ बाकीच्या कशातून तरी, त्यात बहुधा उद्याच्या नोकरीची धास्ती असेल. मॉडेलमध्ये पगार आणि स्वायत्तता घातल्याबरोबर त्यांच्या वाटेने येणारा भाग त्यांच्या ओळीत जातो आणि `kantrati` च्या ओळीत उरलेलाच दिसतो. साहेब तो उरलेला भाग पूर्ण परिणाम म्हणून वाचणार, तिथेच गोची.

म्हणून दोन टेबलं शेजारी द्या. पहिल्यात `kantrati`, वय, लिंग. दुसऱ्यात पगार आणि स्वायत्तता मिळवून. ०.६३ चं ०.३५ कसं झालं तेच वाचण्यासारखं असतं. "जास्त चल घातले म्हणजे जास्त खरं" असं नसतं.

---

नाकासमोर

म्हणजे कंट्रोल घालायचेच नाहीत? लहानपणापासून शिकवलंय की जेवढे जास्त कंट्रोल तेवढं चांगलं.

---

मुठाकाठ

आधीचे घाला, नंतरचे विचार करून. वय हे कंत्राट मिळण्याच्या आधीचं आहे, कंत्राटामुळे कोणाचं वय बदलत नाही. पगार कंत्राटामुळे बदलतो. एकूण परिणाम हवा असेल तर पगार कंट्रोलमध्ये घातला की तोच परिणाम तुम्ही कापून टाकता.

---

तांबडा_रस्सा

एक विचारू? समाधान १ ते ७ म्हणजे पायऱ्या. ३ ते ४ चं अंतर आणि ६ ते ७ चं अंतर सारखं कशावरून? साधं रिग्रेशन मुळात चालतंच कसं?

---

मुठाकाठ

चालत नाही, माझ्या मते. ऑर्डर्ड लॉजिट लावायला हवं, ते पायऱ्यांचा फक्त क्रम धरतं, अंतर नाही.

---

विदाबाई

तत्त्वाने बरोबर. पण ऑर्डर्ड लॉजिटचे सहगुणक "इतके गुण" असे वाचता येत नाहीत, ते लॉग-ऑड्समध्ये असतात. साहेबांना ते सांगून पाहा. आनंदाच्या पट्टीवर फेरर-इ-कार्बोनेल आणि फ्रायटर्स यांनी २००४ मध्ये दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या होत्या. पट्टी सलग धरली की पायऱ्यांची, याने निष्कर्षांत फारसा फरक पडला नाही. माणसाचा स्थायी स्वभाव हिशोबात घेतला की नाही, याने मात्र पडला. मी दोन्ही चालवते, चिन्हं आणि क्रम जुळले तर साधं टेबल छापते.

---

मुठाकाठ

आणि निम्म्या लोकांनी ७ वरच खूण केली असेल तर? तेव्हा जुळतीलच असं नाही. मी परिशिष्टात तरी ऑर्डर्ड लॉजिट मागेन.

---

गवताचे_पाते

स्वभावाचा विषय निघालाच आहे तर, स्वायत्तता आणि समाधान दोन्ही एकाच माणसाने, एकाच बैठकीत, स्वतःबद्दल भरलंय ना? जो मुळात खुशालचेंडू आहे तो दोन्हीकडे चांगलीच खूण करणार, किरकिऱ्या दोन्हीकडे वाईट. मग ०.४२ मधला किती भाग स्वायत्ततेचा आणि किती स्वभावाचा?

---

विदाबाई

गवताचे_पाते, हे फार नेमकं. या टेबलातून ते वेगळं करता येत नाही. प्रवासाची मिनिटं आणि पगार निदान बाहेरून तपासता येतात, स्वायत्तता माणसाच्या नजरेतूनच आलेली आहे. त्यामुळे ०.४२ फुगलेला असण्याची दाट शक्यता, आणि मी वर केलेला "अर्ध्या पायरीला ०.२१" हा हिशोबही तितकाच फुगलेला, हे मला तिथेच लिहायला हवं होतं. उपाय म्हणजे त्याच माणसांना वर्षभराने पुन्हा विचारणं आणि बदलाची बदलाशी तुलना करणं, किंवा स्वायत्ततेचा गुण त्याच टेबलावरच्या सहकाऱ्यांकडून घेणं. एका फेरीच्या विद्यात यातलं काही होत नाही.

---

कोरा_कागद

मग माझं वाक्य असं केलं: "पगार, वय, प्रवास आणि नोकरीचा प्रकार सारखा असताना, स्वायत्ततेला एक पायरी जास्त गुण देणाऱ्यांचं समाधान सातपैकी सरासरी ०.४२ ने जास्त आढळलं (पट्टा ०.३२ ते ०.५२). पगार दुप्पट असणाऱ्यांचं ०.१७ ने जास्त. दोन्ही आकड्यांची एककं वेगळी आहेत."

---

मुठाकाठ

"लिंग" राहिलं "सारखा असताना"मध्ये. पगाराचाही पट्टा द्या, ०.०५ ते ०.२८. आणि प्रमाणित आकडे कंसात द्याच.

---

विदाबाई

कंसातले नका देऊ, साहेब तेवढेच वाचतील. "आढळलं" हा शब्द मात्र राहू द्या, "वाढतं" करू नका.

---

खडूस_कारकून

साहेबांनी शेवटी विचारलंच, "म्हणजे पगार वाढवायला नको ना?" तर?

---

कोरा_कागद

तर त्यांना कंत्राटींचा ०.६३ दाखवेन. दोन टेबलांची प्रिंट काढायला घेतलीये.